मीठ, सोरा आणि शेवटचं समीकरण

शाळेत मी नेहमी पहिली यायचे असं काही नाही. दुसरी यायचे, तिसरी यायचे, एकदा तर नववी आले होते आणि दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. पण रसायनात मला कुणी मागं टाकलं नाही. हे सांगताना मला आजही लाज वाटत नाही. ज्याला वाटायची त्याला खुशाल वाटू दे.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. आमचे आबा, म्हणजे वडील, हवालदार होते आणि अजून पलटणीतच होते. गाव कुंडलच्या बाजूला, उसाचं रान, घरात आई आणि धाकटी भावंडं. मी सांगलीत आत्याकडे राहून इंग्रजी सहावीत शिकत होते. मॅट्रिकच्या आधीची इयत्ता. सहावीत आलं की मुलग्यांनी विज्ञान घ्यायचं आणि मुलींनी शिवण, ही तिथली वहिवाट. नियम म्हणून कुठं लिहिलेलं नव्हतं. मी विज्ञान मागितलं तेव्हा हेडमास्तरांनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली, आणि नाही म्हणायला काही सापडेना म्हणून "तूर्त बस" म्हणाले. त्या 'तूर्त'वर मी दिवाळीपर्यंत बसले होते.

मला विज्ञान का हवं होतं, तर आबांमुळं. फौजेच्या इस्पितळात त्यांनी औषधं मोजून, मिसळून देणाऱ्या बायका बघितल्या होत्या आणि ते त्यांच्या मनात बसलं होतं. सुट्टीवर आले की म्हणायचे, "शिकायचं तर तसलं कायतरी शीक. शिवण तर तुझी आई बी शिकवंल, त्यासाठनं सांगलीला ठेवायचं कशाला?" बोलणं सरळ होतं. विज्ञान असेल तर सांगली, शिवण असेल तर गाव. आणि गाव म्हटलं की पुढं काय ते सोळा वर्षांच्या पोरीला सांगावं लागत नाही.

दिवाळीनंतर एका पालकानं तक्रार केली. पंचवीस-तीस मुलग्यांत एकच मुलगी, तीही ॲसिडाच्या बाटल्या हाताळते, बरं दिसतं का! मुलगे हाताळायचे ते बरं दिसत होतं वाटतं. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण तक्रारीला भ्यायचा.

"तुझे वडील रजेवर आलेत म्हणे."

"होय. सोमवारी मला भेटायला येणार आहेत."

"मग सोमवारीच ठरवू. उद्या मास्तर सगळ्या वर्गाला घरी करायला एक मिश्र संच देणार आहेत. त्यात तुझं एकही चुकलं नाही तर तू विज्ञानात राहा, मी कुणाचं ऐकणार नाही. एक जरी चुकलं, तर शिवणाच्या वर्गात जायचं."

"आणि मुलग्यांचं चुकलं तर?"

"मुलग्यांची गोष्ट वेगळी," ते म्हणाले.

मी बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. वेगळी म्हणजे कशी, हे विचारायचं राहूनच गेलं. पण एक बरं झालं, राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

आमचे रसायनाचे मास्तर बारीक अंगाचे, कमी बोलणारे. फळ्यावर लिहिताना खडू मोडला तर दोन्ही तुकडे खिशात टाकायचे. शनिवारी सकाळच्या शाळेत त्यांनी फळाभर बारा ओळी लिहिल्या. एरवीच्या गृहपाठात एका जातीची समीकरणं एका ठिकाणी असायची. सगळी विघटनं एका रांगेत, सगळी विस्थापनं दुसऱ्या. म्हणजे पहिलं ओळखलं की खालची डोळे मिटून. या वेळी सगळी पत्त्यांसारखी पिसलेली. काही ठिकाणी बाणाच्या दोन्ही बाजू दिल्या होत्या, काही ठिकाणी फक्त डावी. प्रत्येक समीकरण पुरं करायचं, तोलायचं आणि समोर प्रकार लिहायचा.

प्रकार आम्हाला चार शिकवले होते. दोन मिळून एक झालं की संयोग. एकाचे फुटून अनेक झाले की विघटन. एका मूलद्रव्यानं दुसऱ्याला घराबाहेर काढून त्याची जागा घेतली की विस्थापन. आणि दोन संयुगांनी आपापले अर्धे भाग एकमेकांत बदलले की दुहेरी विघटन. या चौथ्याला मुलगे फार भ्यायचे. कुणाचा कुठला भाग कुठं गेला याचा त्यांना पत्ताच लागत नसे.

ते मी त्यांना शिकवलं होतं. होय, मीच. मधल्या सुट्टीत माझ्या मागच्या बाकावरचा मुलगा, कवठे महांकाळकडचा, मेंढपाळाच्या घरातला, डोकं धरून बसला होता. मी म्हटलं, "अरे, हे साटंलोटं आहे. याची लेक त्याच्या घरात, त्याची लेक याच्या घरात. दोन घरं, दोन लग्नं."

त्याचं तोंडच उघडं राहिलं. "आयला! आमच्या दोन्ही आत्त्या तशाच दिल्यात की!"

साटंलोटं आमच्या भागात कुणाला समजवावं लागत नाही. दर चार घरांत एक सापडतं. दोन्ही संयुगं शेजारी लिहायची, मधून फुली मारायची, लेकी बदलायच्या, की झालं. आठवड्याभरात सगळा वर्ग फुल्या मारायला लागला. मास्तरांना वह्यांमध्ये त्या फुल्या दिसायच्या, पण ते काही बोलले नाहीत. नुसते एकदा माझ्याकडे बघून मिशीत हसले.

तोलण्याचा नियम मात्र मास्तरांचाच होता. बाणाच्या डावीकडे प्रत्येक मूलद्रव्याचे जेवढे अणू, तेवढेच उजवीकडे. कमी पडले तर सूत्राच्या पुढं अंक वाढवायचा. सूत्राच्या पायाशी असलेल्या बारक्या अंकाला हात लावायचा नाही. "पुढचा अंक तुमचा, पायातला अंक निसर्गाचा," असं ते म्हणायचे.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या मेंढपाळाच्या मुलानं घाईनं केलेलं एक समीकरण माझ्यापुढं नाचवलं. पोटॅशियम क्लोरेट तापवल्यावर काय होतं ते. त्यानं लिहिलं होतं:

KClO₃ → KCl + O₃

"बघ, लगेच तोललं. इकडं तीन, तिकडं तीन."

"तोललं खरं, पण आपल्याला नळीत ऑक्सिजन मिळाला होता ना? त्याचा जोड O₂. तू पायातला अंक फिरवून भलताच वायू तयार केलास. मेल्या, गूळ कमी पडला म्हणून पोत्यावर साखर लिहिलीस तर आत साखर होणार आहे का?"

मग मी त्याला करून दाखवलं. डावीकडे ऑक्सिजन तीन-तीननं येतो, उजवीकडे दोन-दोननं, म्हणजे दोन्हींना चालेल असा सहा धरायचा. क्लोरेटपुढं दोन, ऑक्सिजनपुढं तीन, आणि मग KCl पुढं दोन:

2KClO₃ → 2KCl + 3O₂

एकाचे फुटून दोन पदार्थ झाले, विघटन. त्यानं खोडलं, लिहिलं आणि पळाला. माझ्यासारखी सोमवारची काळजी त्याला नव्हती.

मी रविवारी सकाळी आत्याच्या सोप्यात बसले. पहिली काही सोपी होती. चुनखडी भाजली की चुनकळी आणि वायू, विघटन. चुनकळीवर पाणी टाकलं की विरलेला चुना, संयोग. मोरचुदाच्या पाण्यात जस्त टाकलं की तांबं बाहेर, विस्थापन. बेरियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेट, साटंलोटं, पांढरा साका तळाला. लोखंडावरून वाफ नेली की काय होतं, त्यानं मात्र मला घोळवलं. आधी हायड्रोजन बघितला, मग लोखंड, मग परत ऑक्सिजन, आणि शेवटी कळलं की उजवीकडच्या ऑक्साइडपासून सुरुवात करावी. त्याला लोखंडाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू हवेत. मग पाणी चार, मग हायड्रोजन चार:

3Fe + 4H₂O → Fe₃O₄ + 4H₂

लोखंडानं हायड्रोजनला बाहेर काढलं, विस्थापन. मी पुन्हा मोजलं. मोजलं म्हणजे बोट ठेवून, एकेक अणू. आत्या जाता-येता म्हणाली, "काय गं, तांदूळ निवडतीस का वही लिहितीस?"

शेवटचं राहिलं. त्याची फक्त डावी बाजू दिली होती. मीठ आणि सोरा, दोन्ही पाण्यात विरघळवून एकत्र केलेले:

NaCl + KNO₃ →

हा तर हातचा मळ. फुली मारली, लेकी बदलल्या. NaNO₃ + KCl. मोजलं. सगळं एकेक, पुढं अंक लावायचीसुद्धा गरज नाही, जन्मतःच तोललेलं. प्रकार, दुहेरी विघटन. वही मिटली.

आणि मिटल्यावर मला बरं वाटेना. लोखंड-वाफेसारखं घालणारा माणूस शेवटी इतकं फुकटचं का ठेवील? आमचे मास्तर खडूचा तुकडासुद्धा फुकट घालवत नाहीत. मी वही परत उघडली. मागच्या पानांवर त्यांनी एकदा सांगितलेलं वाक्य मी उतरवून घेतलं होतं आणि नंतर विसरले होते. दुहेरी विघटन तडीला जायचं तर नव्या पदार्थांपैकी एकानं मिश्रणातून बाहेर पडलं पाहिजे. साका होऊन तळाला बसावं, वायू होऊन उडावं, नाहीतर त्याचं पाणी व्हावं.

आता मी चारही नावं पुढं ठेवून बघायला लागले. मीठ पाण्यात विरघळतं. सोरा विरघळतो. सोडियम नायट्रेट विरघळतं. पोटॅशियम क्लोराइडही विरघळतं. मग बाहेर कोण पडलं? कुणीच नाही. सगळी वऱ्हाडं त्याच मांडवात बसून राहिली, एकही नवरी सासरी गेली नाही. ह्याला कुणी लग्न झालं म्हणेल का?

पण हे माझं मनातलं झालं. मास्तरांपुढं मनातलं चालत नाही, आणि त्या सोमवारी तर मुळीच चालणार नव्हतं. मी उठले आणि चुलीकडे गेले.

"आत्या, मला दुपारी एक चूल दे."

"कशाला गं?"

"मीठ आणि सोरा उकळायचाय."

"अगं बया! ह्या पोरीचं डोस्कं फिरलं. कल्हईच्या भांड्याला हात लावशील तर बघ!"

सोरा काष्ठौषधीच्या दुकानात मिळायचा, लघवीच्या तक्रारीवर म्हातारी माणसं घ्यायची. मी पुडी घेऊन आले. आबांनी मागच्या रजेत आणून टाकलेला फौजेचा एनॅमलचा मग फडताळात पडून होता, त्याला कल्हईचा प्रश्न नव्हता. आधी दोन वाट्यांत मीठ आणि सोरा वेगवेगळे विरघळवले, गाळले, आणि दोन्हींचं पाणी मगात ओतलं. गढूळ झालं नाही. बुडबुडा आला नाही. पाणी होतं तसं नितळ राहिलं.

एवढ्यावर मी लिहून टाकू शकले असते. पण नवीन दोन्हीही विरघळणारेच असतील तर पाणी नितळच दिसणार, मग कळायचं कसं? म्हणून मग चुलीवर चढवला. पाणी आटत आलं तसे उकळत्या पाण्यातच तळाला पांढरे बारीक दाणे बसायला लागले. वरचं गरम पाणी मी फडक्यानं धरून एका बशीत ओतलं. बशी गार पाण्याच्या परातीत ठेवली. तळचे दाणे निवले तेव्हा आत्यानंच बोट लावून जिभेवर ठेवलं.

"मीठच हाय की गं! एवढा जाळ घालून मीठच केलंस व्हय?"

मी बशीकडे बघत होते. कडेपासून आत सुया फुटत होत्या. लांब, बारीक, चकचकीत, एकमेकींवर आडव्यातिडव्या. पुडीतल्या सोऱ्याच्या खड्यात अगदी तशाच सुया होत्या. चिमूट निखाऱ्यावर टाकली तर फर्रकन पेटली.

मीठ घातलं, मीठ मिळालं. सोरा घातला, सोरा मिळाला. आत्याला मी कडकडून मिठी मारली. ती म्हणाली, "सर बाजूला, माझी चूल अडवून ठिवलीस."

मी उत्तर खोडलं आणि लिहिलं: 'रासायनिक क्रिया होत नाही. प्रकार नाही.' लिहून झालं आणि मग भीती वाटली. कारण बारांपैकी माझी एकच ओळ अशी होती जिच्यात बाणाच्या उजवीकडे काहीच नव्हतं. हेडमास्तर ती ओळ बघून काय म्हणतील ते मला तिथंच ऐकू यायला लागलं.

सोमवारी वर्गाबाहेर मी मेंढपाळाच्या मुलाला म्हटलं, "शेवटचं खोड. काही घडत नाही तिथं."

"जा गं! सगळ्यांनी तेच लिवलंय. तूच शिकवलेलं साटंलोटं, आन् आता तूच न्हाई म्हणतीस? सगळी येडी, तूच एकली शाणी व्हय?"

"होय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रसायनाच्या तासाला हेडमास्तर आले आणि त्यांच्यामागून आबा. खाकी कपडे, पायांत बूट, हातात टोपी. ते मागच्या भिंतीला लागून ताठ उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मला ते बरंच वाटलं, कारण त्यांनी बघितलं असतं तर मला रडू आलं असतं.

मास्तरांनी एकेक समीकरण फळ्यावर घेतलं. ज्यांचं चुकलं त्यांनी उभं राहायचं. लोखंड-वाफेला निम्मा वर्ग उठला. मोरचूद आणि जस्ताला काही मुलग्यांनी दुहेरी विघटन लिहिलं होतं, तेही उठले. माझी पाळी एकदाही आली नाही. हेडमास्तर माझी वही हातात घेऊन ताडून बघत होते. अकरावं झालं तेव्हा त्यांचा चेहरा मऊ झाला होता.

"आता शेवटचं," मास्तर म्हणाले. "सगळे सांगा."

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "सोडियम नायट्रेट, पोटॅशियम क्लोराइड! दुहेरी विघटन!"

हेडमास्तरांनी पान उलटलं आणि थांबले. "हिनं सोडवलेलंच नाही."

"सोडवलंय, सर," मी उभी राहिले. "क्रिया होत नाही हेच उत्तर आहे."

"फळ्यावर दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. वर्गातल्या प्रत्येकाला आलं. तू कोरं ठेवायचं आणि त्याला उत्तर म्हणायचं?"

"जुळतात म्हणून घडतंच असं नाही, सर. कागदावर काहीही जुळवता येतं."

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. पण त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. ते फक्त कपाटाकडे गेले, दोन बाटल्या, चिनी मातीच्या दोन बशा आणि स्पिरिटचा दिवा काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "बोलू नकोस. दाखव."

दाखवलं. एका मुलग्याला पुढं बोलावून बाटल्यांवरची नावं मोठ्यानं वाचायला लावली, म्हणजे पुढं कुणी शंका घ्यायला नको. दोन्ही द्रावणं एका बशीत एकत्र केली. "गढूळ दिसतंय का? वायू दिसतोय का?" मागून कुणीतरी "न्हाई" म्हणालं. दिवा पेटवला. आणि मग थांबावं लागलं. पाणी आटायला लागणारा वेळ काही हेडमास्तरांना घाबरत नाही. ते घड्याळ बघत होते, मुलगे चुळबुळत होते, दिव्याची वात मी दोनदा सारखी केली.

दाणे बसले. वरचं पाणी दुसऱ्या बशीत ओतलं आणि ती गार पाण्यात धरली. मास्तरांनी तळचे दाणे काचेवर घेऊन भिंगाखाली ठेवले आणि हेडमास्तरांना बोलावलं. "चौकोनी आहेत. मिठाचे."

मग दुसऱ्या बशीत सुया आल्या. पुढच्या बाकावरचे मुलगे उभे राहून बघायला लागले, मागचे बाकावर चढले. कुणी त्यांना रागावलं नाही.

"या सोऱ्याच्या," मास्तर म्हणाले. "सोडियम नायट्रेट झालं असतं तर त्याचेही खडे चौकटीसारखे आले असते, असल्या सुया आल्या नसत्या. जे घातलं तेच परत मिळालं. क्रिया झालेली नाही." मग ते हेडमास्तरांकडे वळले. "हे मी मुद्दाम घातलं होतं, साहेब. सगळे फुल्या मारायला शिकलेत, पण फुली मारायची का हे कोण विचारतं ते मला बघायचं होतं. आधी बोललो असतो तर मी हिची बाजू घेतली असं झालं असतं. आता हिची बाजू बशीनं घेतली."

तेव्हा माझा त्यांच्यावरचा राग कुठल्या कुठं गेला. अशा मास्तराच्या हाताखाली मी शिकले, हे मी कुठंही छाती पुढं काढून सांगते.

हेडमास्तरांनी भिंगातून परत एकदा बघितलं. मग माझी वही टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बारा बरोबर. ही याच वर्गात बसेल. कुणाची तक्रार आली तर ती माझ्याकडे येईल." माणूस शब्दाचा निघाला. तक्रारीला भ्यायचा असं मी वर म्हटलंय, पण त्या दिवसापासून भ्याला नाही.

मेंढपाळाचा मुलगा मागून कुजबुजला, "तुझ्या साट्यालोट्यानं सगळ्यांस्नी बुडवलं की गं."

"साटंलोटं बरोबरच आहे," मी म्हटलं. "लग्न लागलं का ते आधी बघावं माणसानं." त्यावर तो इतका हसला की मास्तरांनी त्याला उभं केलं. माझं शिकवणं चुकलं होतं असं मी आजही म्हणत नाही. अर्धं होतं, ते त्या दिवशी पुरं झालं.

हे सगळं होईतो आबा भिंतीशी तसेच उभे. त्यांना इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, फौजेत शिकले होते, पण फळ्यावरचं काही कळणं शक्य नव्हतं. ते हळूहळू पुढं आले. त्यांनी वाकून बशीतल्या सुया बघितल्या, मग मला बघितलं.

"समद्यांनी व्हय म्हटलं तवा तू एकली न्हाई म्हणालीस," ते म्हणाले. "भ्याली न्हाईस?"

"भ्याले, आबा."

"मग?"

"पण खरं तेच होतं ना!"

त्यांनी मान हलवली. आमच्या घरात मुलीचं तोंडावर कौतुक करायची रीत नव्हती, आणि आबा तर हुकूम द्यायला शिकलेले, कौतुकाला त्यांच्याकडे शब्दच नव्हते. मला वाटलं आता वळतील आणि जातील. पण ते टाचा जुळवून मास्तरांपुढं ताठ उभे राहिले, पलटणीत साहेबापुढं राहतात तसे. माझ्या आबांना मी गावच्या पाटलापुढंसुद्धा तसं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, "माझी रजा परवा संपतीया. हिची पुढल्या सालाची पुस्तकं कंच्या दुकानात मिळत्यात तेवढं सांगा. आजच घिऊन ठेवतो."